खारपाणपट्ट्यातलं घर: तीन वर्षांत दोन गिझर गळले, नळ भिंतीतच तुटला, आता काय बसवू?

पूर्णाकाठ | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीपासून चार-पाच किलोमीटरवर. २०२२च्या दिवाळीत नव्या घरात राहायला आलो. घरामागे बोअर आहे. पाणी भरपूर, पण खारं. पिण्याचं आणि सैपाकाचं पाणी योजनेचं, शहानूर धरणावरून येतं, पण पाच-सहा दिवसांनी एकदा आणि तेही तासभर. त्यामुळे आंघोळ, धुणं, संडास सगळं बोअरवर.

पहिला गिझर १५ लिटरचा होता. सतरा महिन्यांत बुडातून थेंब थेंब गळायला लागला. कंपनीचा माणूस आला, खिशातून पाण्यातले क्षार मोजायचं टीडीएसचं पेन काढून बादलीत बुडवलं, आकडा २८००च्या वर दिसला आणि वॉरंटी कार्डावरची एक बारीक ओळ दाखवून तो निघून गेला. मग दुसरा घेतला, स्टीलच्या टाकीचा. दुकानदार म्हणाला, स्टील आहे, गंजायचा प्रश्नच नाही. तो चौदा महिन्यांत टाकीच्या जोडावर गळला.

परवा बाथरूमचा मिक्सर ठिबकत होता म्हणून पाना लावला, तर नळ हातात आला आणि त्याचे आटे भिंतीतल्या एल्बोत तसेच राहिले. टाइल फोडावी लागणार. फ्लशच्या टाकीतून रात्रंदिवस बारीक धार चालू आहे. घर बांधताना टाइलच्या रंगावर आम्ही पंधरा दिवस घालवले, पाण्याचा विचार पंधरा मिनिटंही केला नाही.

तर प्रश्न हा की या पाण्यावर टिकणारा गिझर कोणता, नळ कोणते, आणि सॉफ्टनर लावून हे सगळं थांबेल का?

वर्धेकर | १४ डिसेंबर, रात्री १०:२५

पूर्णाकाठ भाऊ, मी याच त्रासातून गेलोय. आमच्याकडे सेलूच्या बाजूला शेतातल्या घरी बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाला फेस यायचा नाही. गिझरची कॉइल दर हिवाळ्यात जायची. काढून पाहिली तर तिच्यावर बोटभर पांढरा थर. शॉवरची भोकं बुजलेली, नळाच्या तोंडाची जाळी दर महिन्याला टाचणीने टोकरायची.

सॉफ्टनर लावला त्याला तीन वर्षं झाली. एक कॉइल बदललेली नाही. पंधरा दिवसांनी मीठ टाकायचं, बस्स. डोळे झाकून लावून टाका, गिझर कोणताही चालेल.

अकोटचा मिस्त्री | १५ डिसेंबर, सकाळी ७:०५

भाऊ, मी बावीस वर्षांपासून नळाचंच काम करून राह्यलो, अकोट-तेल्हारा-दर्यापूर. तुमचा जो नळ तुटला न, त्याचं तुटलेलं तोंड नीट पाहा अन् सांगा कोणत्या रंगाचं हाय. पितळ पिवळं असते. आतून लालसर, भुसभुशीत, विटेच्या चुऱ्यावाणी दिसत असन तर त्या पितळातलं जस्त पाण्यानं खाऊन टाकलं. नुसता तांब्याचा सांगाडा राह्यला. तो पान्याचा जोर सहन करत नाही.

आन् एक. नवीन नळ घ्यायले जाल तं खिशात चुंबक ठेवा. स्टीलच्या वस्तूले चुंबक चिकटलं तं नकली, नाही चिकटलं तं चांगलं स्टील. बाकीचं रात्री लिहितो, साइटवर जाऊन राह्यलो.

क्षारमापी | १५ डिसेंबर, दुपारी १:१५

मी बरीच वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. वर्धेकरांचा अनुभव खरा आहे, पण त्यांचं पाणी वेगळं आणि पूर्णाकाठ यांचं वेगळं असण्याची शक्यता फार. एकाचं औषध दुसऱ्याला देण्याआधी हे पाहायला हवं.

काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. ते तापलं की चुना बसतो, भोकं बुजतात, कॉइल थराखाली तापून जळते. पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात पाण्यात सोडियम आणि क्लोराइड जास्त, साधं सांगायचं तर मिठाचं पाणी. ते बुजवत नाही, खातं. टाकीचा जोड, पितळ, स्टील, नळाचा मुलामा, सगळं पोखरतं. काही गावांत दोन्ही एकत्र असतं.

पेनवर दिसणारा आकडा या दोघांत फरक करत नाही. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून अंदाज दाखवतं. मीठ आहे की चुना, ते त्याला कळत नाही.

घरी करून पाहायचं तर एका काचेच्या बशीत चार-पाच चमचे बोअरचं पाणी घ्या आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. जे पांढरं उरेल त्यावर आधी साधं योजनेचं पाणी ओतून हलक्या हाताने फिरवा. विरघळून जाईल ते मीठ. चिकटून राहील त्यावर लिंबू पिळा. बारीक फसफसलं तर तो चुना. यावरून प्रमाण कळणार नाही, पण आपलं पाणी कोणत्या बाजूचं आहे ते कळेल.

आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून एकदा अहवाल घ्याच. सगळे आकडे नकोत, फक्त तीन पाहा: एकूण क्षार, कठीणपणा आणि क्लोराइड.

घाटंजीचा राजू | १५ डिसेंबर, दुपारी ३:५०

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्याने पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. नळाचं सोडा, माणसाचं पाहा. पाणी उकळून प्यायलं तर चालतं का? माझी आई रोज उकळते.

क्षारमापी | १५ डिसेंबर, दुपारी ४:२०

राजू, हा धागा गिझर-नळांचा आहे, पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा म्हणून थोडक्यात सांगते. दातांचे डाग फ्लोराइडमुळे असावेत. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर थोडं वाढतंच. पिण्यासाठी दुसरा स्रोत किंवा आरओ हवा. गावातल्या कोणत्या हातपंपाला फ्लोराइड कमी आहे ते ग्रामपंचायतीकडच्या तपासणीत दिसतं, ते आधी विचारा. आईंना म्हणावं, उकळायचं बंद करू नका, जंतूंसाठी ते चांगलंच आहे, पण दातांसाठी त्याचा उपयोग नाही.

सुलभाताई बाळापूर | १५ डिसेंबर, रात्री ८:३०

मला गिझरमधलं काही कळत नाही, पण माझ्या हातून झालेलं सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं होणार नाही.

संडासाच्या भांड्यावर आणि फरशीवर पांढरे-पिवळे डाग पडले की मी दारावर येणाऱ्या गाडीवाल्याकडून ॲसिडची बाटली घ्यायची. भांडं लख्ख व्हायचं, पण सहा महिन्यांत बाथरूमच्या सगळ्या नळांची चमक काळवंडली, मुलाम्याला फोड आले आणि खालून हिरवट दिसायला लागलं. मी नळांना ॲसिड लावलंच नव्हतं. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ बसायची, तिनेच खाल्लं. टाइलच्या सांध्यातलं सिमेंटही गेलं, तिथे आता झुरळं. एकदा ॲसिड टाकल्यावर वास मारावा म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. असा ठसका लागला की ओढणीने तोंड दाबून बाहेर पळाले, दोन दिवस छाती दुखत होती.

आता मी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणते. पेलाभर गरम पाण्यात दोन चमचे विरघळवायचं, जुनं फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळून ठेवायचं, अर्ध्या तासाने पुसून साध्या पाण्याने धुवायचं. भांड्यात रात्री थोडं जास्त घालून ठेवते. कडाप्पा किंवा शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका, फरशी पांढुरकी पडते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो आंघोळीनंतर नळ कोरड्या फडक्याने पुसल्याने. थेंब जिथे वाळतो तिथेच डाग.

पूर्णाकाठ | २१ डिसेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर लागला, पण सांगितलेलं सगळं केलं.

तुटलेल्या नळाचं तोंड मिस्त्रीभाऊंनी सांगितलं तसंच निघालं. कडेला पिवळी रेघ, बाकी सगळं लाल. नखाने खरवडलं तर भुगा निघाला.

बशी वाळवली. साधं पाणी ओतल्यावर पाऊण भाग विरघळला. उरलेल्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं, पण थोडंसं.

पहिला गिझर भंगारात द्यायचा राहिला होता, तो अंगणात उलटा करून खालची तबकडी खोलली. कॉइलवर अंड्याच्या टरफलाएवढा पातळ पिवळट थर होता, फार नाही. तिच्या शेजारी एक गंजकी तार उभी होती, तिला राखेसारखे चार कण चिकटलेले. ती तार कशाची ते मला कळेना. टाकीच्या आतला निळा काचेचा लेप बऱ्यापैकी शाबूत, पण तबकडी बसते त्या काठावर लेप उडालेला आणि तिथेच सुईएवढं भोक.

अहवालही आला. एकूण क्षार २८६०, कठीणपणा ४२०, क्लोराइड १०५०, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर.

क्षारमापी | २२ डिसेंबर, सकाळी ११:००

छान केलंत. आता चित्र स्पष्ट आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात दुसरा स्रोत नसेल तर एकूण क्षार २००० आणि क्लोराइड १००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं दोन्हींत वर आहे. कठीणपणाची तशी मर्यादा ६००, त्याच्या तुम्ही खाली आहात. म्हणजे तुमचा मुख्य शत्रू मीठ, चुना दुय्यम. तुमच्या २० लिटरच्या एका बादलीत ५७ ग्रॅम क्षार आहेत, मोठी मूठभर. रोज ती मूठ तुमच्या नळांवरून वाहते.

आता सॉफ्टनरचं. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याजागी सोडियम सोडतो. चुना बसायचा थांबेल, साबणाला फेस येईल, पण क्लोराइड जसंच्या तसं १०५० राहील आणि एकूण क्षार तसूभरही कमी होणार नाहीत. तुमच्या दोन्ही टाक्या क्लोराइडने गेल्या, चुन्याने नाही. सॉफ्टनर लावला असता तरी त्या गेल्याच असत्या.

ती गंजकी तार म्हणजे या गोष्टीचं मूळ आहे. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. काचेच्या लेपात कुठे बारीक चीर राहिलीच तर टाकीच्या लोखंडाऐवजी पाण्याने आधी ती कांडी खावी, यासाठी ती असते. गोड पाण्यात ती काही वर्षं टिकते. तुमच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ती झपाट्याने झिजली आणि उरली फक्त मधली लोखंडी तार. त्यानंतर टाकीची पाळी. ती कांडी वर्षाच्या आत बदलली असती तर पहिला गिझर आजही चालला असता, असं मला वाटतं. दुकानदार हे सांगत नाहीत आणि बसवायला येणाराही सांगत नाही.

दुसरा स्टीलचा का गेला? साधं ३०४ दर्जाचं स्टील गंजत नाही ते गोड पाण्यात. क्लोराइड दोनशेच्या वर गेलं की त्याचा भरवसा राहत नाही, त्यात गरम पाणी आणि वेल्डिंगचा जोड. तिथे ते सुईच्या टोकाएवढं पोखरतं आणि आरपार जातं. बाकी टाकी चकचकीत असते, म्हणून माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

वर्धेकर | २२ डिसेंबर, दुपारी १२:४०

ताई, मान्य. माझं पाणी जड आहे, हे मला माहीत होतं, पण खारं म्हणजे वेगळं हे डोक्यात नव्हतं. मग सगळ्या घराला आरओ लावला तर? आता मोठे पाचशे लिटरवाले मिळतात.

क्षारमापी | २२ डिसेंबर, दुपारी २:०५

लावता येतो, पण मी तो सुचवणार नाही. इतक्या खाऱ्या पाण्यावर जेवढं गोड पाणी मिळेल त्याहून जास्त खारं पाणी बाहेर पडेल, आणि ते आधीपेक्षा खारट असेल. ते कुठे सोडणार? परसात सोडलं तर त्या काळ्या चिकण मातीत सोडियम साठतं, माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे मी वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं वेगळं आहे. गरम पाणी नेमकं किती लागतं ते मोजा. चार माणसं, प्रत्येकी एक बादली. हिवाळ्यात ५५ अंशांचं गरम आणि गार एकत्र केलं तर बादलीत गरम पाणी ११ लिटरच्या आसपास जातं. चौघांचे ४४, भांड्यांसाठी थोडं धरून ५० लिटर. आठवड्याला साडेतीनशे. योजनेचं पाणी यायला सहा दिवस लागले तरी ३०० लिटरची एक टाकी पुरते. गिझरला फक्त योजनेचं पाणी द्या. संडास, धुणं, फरशी, अंगण, हे ज्यांना शेकडो लिटर लागतात ते बोअरवरच राहू द्या. तिथे तापवायचं काही नाही, आणि प्लास्टिकने भागतं.

अकोटचा मिस्त्री | २२ डिसेंबर, रात्री ९:१५

ताईंनी बरोबर सांगितलं. मी अशी जोडणी तीन घरी केली हाय, म्हणून कसं करायचं ते सांगतो.

स्लॅबवर बोअरच्या टाकीच्या बाजूला ३०० लिटरची छोटी टाकी ठेवायची. योजनेचं पाणी खालच्या हौदात येते, तिथून छोट्या मोटरीनं वर चढवायचं. त्या टाकीतून एकच लाइन सीपीव्हीसीची, सरळ गिझरच्या तोंडाले. मधात कुठंच दुसरा नळ काढायचा नाही, नाही तं सात दिवसाचं पाणी दोन दिवसात उडते. हे मी अनुभवानं सांगून राह्यलो.

आता जिथं सगळे चुकतात ते ऐका. मिक्सर बसवायचा नाही. मिक्सरमदे गरमची अन् थंडची लाइन आतून एकत्र येते. बोअरची टाकी जास्त भरेल असली की तिकडचा दाब जास्त, अन् खारं पाणी मिक्सरमधून उलटं गरमच्या लाइनीत शिरून गिझरमदे जाते. एका घरी आमी सगळं करून दिलं, वर्षानं गिझर गळला. शोधू शोधू थकलो, तं हे निघालं. गिझरच्या तोंडाशी एकदिशा व्हॉल्व्ह असते, पण आपल्या पाण्यात त्यात खडा अडकला की ते अर्धवट उघडं राह्यते. त्यापेक्षा गरमचा नळ वेगळा, थंडचा वेगळा, बादलीत काय ते मिसळा. आपल्याकडं आंघोळ बादलीचीच हाय.

नळ कोणते? बोअरच्या लाइनीवर पीटीएमटीचे, म्हणजे ते पांढरे जाड प्लास्टिकचे. स्वस्त हायेत, खराब झाले तं दहा मिनिटात बदलते. दिसायले साधे दिसतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण मी बसवलेले दहा वर्षाचे चालू हायेत. धातूचाच पाह्यजे असन तं वजनदार पितळ घ्या अन् जुन्या पद्धतीचा, वायसरवाला. अर्ध्या फेऱ्यावर उघडणारे जे नवीन नळ हायेत न, त्यात चिनी मातीच्या दोन चकत्या असतात. त्यात कण अडकला की चकत्या नीट टेकत नाहीत, मग कितीही आवळा, ठिबकते. आख्खं कार्ट्रिज बदलावं लागते, अन् ते दोन वर्षानं त्याच मापाचं भेटत नाही. वायसर कोणत्याही गावात पाच-दहा रुपयात भेटते.

मेन व्हॉल्व्ह गनमेटलचा टाका. त्यात जस्त लय कमी असते, म्हणून तो लाल होत नाही. भिंतीतल्या एल्बोत पितळेचं निपल लावू नका, तेच तुमचं तुटलं. तिथंही पीटीएमटीचं निपल भेटते.

गिझरले जे जाळीवाले स्टीलचे कनेक्शन पाइप येतात, त्याच्यावर लक्ष ठेवा. बाहेरून ठिबकून मीठ वाळते अन् जाळीची एकेक तार तुटते. एक दिवस फटकन फुटते अन् घर भरते पाण्यानं. तारेवर तपकिरी ठिपके दिसले की बदलून टाका, फुटायची वाट पाहू नका.

पूर्णाकाठ | २२ डिसेंबर, रात्री ९:५०

मिस्त्रीभाऊ, फ्लशचं राहिलं. आमची टाकी भिंतीत लपवलेली आहे.

अकोटचा मिस्त्री | २३ डिसेंबर, सकाळी ६:५०

तेच दुखणं हाय. भिंतीतल्या टाकीत रबराची सील असते, त्याच्यावर क्षाराची किनार बसते अन् ती पूर्ण टेकत नाही, म्हणून धार. समोरची बटणाची प्लेट काढून हात घाला, सील काढा, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा, बोटानं पुसून परत बसवा. सहा महिने बरं राहीन. परत बांधाल तं बाहेरून दिसणारी प्लास्टिकची टाकी लावा, तिचं सगळं सामान हाताशी असते. सीटचे कब्जे पण प्लास्टिकचेच पाहा, स्टीलचे गंजून भांड्यावर डाग पाडतात.

भांड्याले काही होत नाही. चिनी मातीच्या चमकेले खारं पाणी खात नाही, नुसता थर बसते.

क्षारमापी | २३ डिसेंबर, सकाळी १०:३०

मिस्त्रीदादा, तुमची जोडणी फार चांगली आहे, मिक्सरचा मुद्दा तर माझ्याही लक्षात आला नव्हता. फक्त चुंबकाबद्दल एक दुरुस्ती. लोखंड ओळखायला चुंबक ठीक आहे, पण स्वस्त सिंक आणि शॉवर ज्या २०२ दर्जाच्या स्टीलचे असतात, त्यालाही चुंबक बहुधा चिकटत नाही. म्हणजे चिकटलं नाही म्हणून ३०४ समजायचं नाही. ३०४ दर्जाच्या वाकवलेल्या पत्र्याला उलट कधी कधी हलकं चिकटतंही. दर्जा वस्तूवर कोरलेला आणि बिलावर लिहिलेला मागा. तुमच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यासाठी ३१६ पेक्षा खालचं स्टील मी घेणार नाही, आणि ते महाग आहे, म्हणून तुमचं प्लास्टिकच बरं.

एक विजेचं. कॉइलच्या नळीला बारीक भोक पडलं तर खारं पाणी आत जातं आणि पाण्यात करंट उतरतो. गावाकडे अर्थिंग अनेकदा नावालाच असतं. गिझरच्या लाइनवर करंट उतरला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा. तो वारंवार पडत असेल तर खटका वर करून आंघोळीला जाऊ नका, कॉइल काढून पाहा.

अकोटचा मिस्त्री | २३ डिसेंबर, दुपारी १:०५

चुंबकाचं मले माहीत नव्हतं ताई. आजवर लोकायले तसंच सांगत आलो. आता सांगणार नाही.

तेल्हाऱ्याची मीनल | २६ डिसेंबर, रात्री ८:००

गिझरऐवजी सोलर कुणी वापरतं का? आमच्या सासऱ्यांनी काचेच्या नळ्यांचा सोलर बसवला, बोअरच्या पाण्यावर. दोन वर्षांत नळ्यांच्या तळाशी पांढरा गाळ साठला, पाणी कोमट येतं. शेजाऱ्यांचा तांब्याच्या पाइपांचा जुना सोलर तर पूर्णच बुजला. आमच्या टाकीच्या जोडावर आता तपकिरी रेघ दिसते.

क्षारमापी | २६ डिसेंबर, रात्री ९:३०

मीनल, जड पाण्यात तांब्याच्या बारीक पाइपांपेक्षा काचेच्या नळ्या बऱ्या, कारण नळी काढून आतला गाळ धुता येतो. पहाटे, नळ्या गार असताना काढा, तापलेल्या नळीत गार पाणी गेलं तर ती तडकते. पण तुमची तपकिरी रेघ स्टीलच्या टाकीची आहे, ती गाळ काढून थांबणार नाही. वान धरणाच्या योजनेचं पाणी तुमच्याकडे येत असेल तर सोलरलाही तेच द्या. सोलरला मात्र टाकी मोठी लागते, १०० लिटरचा सोलर रोज तेवढं पाणी मागतो.

पूर्णाकाठ | ३ जून, रात्री ९:२०

कबूल केल्याप्रमाणे पुढचं कळवतो.

जानेवारीत ३०० लिटरची टाकी चढवली. नवीन गिझर काचेच्या लेपाचाच घेतला, पण घेण्याआधी दुकानात एकच प्रश्न विचारला: मॅग्नेशियमची कांडी सुटी मिळते का. पहिल्या दोन दुकानांत मी काय विचारतोय तेच त्यांना कळलं नाही. तिसऱ्याने काढून दाखवली, तिथेच घेतला आणि एक कांडी जास्तीची आणून ठेवली. तापमान ५५वर लावलं. मिक्सर काढून गरम-गारचे दोन वेगळे नळ बसवले, बोअरच्या बाजूला पीटीएमटी. ईएलसीबी लावला. सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा महिन्यातून एकदा उचलून पाहतो, म्हणजे तो जाम होत नाही.

टाकी सहा दिवस पुरते. पाहुणे आले की चार. एप्रिलपासून गिझर बंद आहे. बंद करताना आत योजनेचंच पाणी भरलेलं ठेवलंय, कारण कांडी पाण्यात असेल तरच टाकीला वाचवते असं ताईंनी मला वेगळं कळवलं होतं.

काल तबकडी खोलून कांडी पाहिली. पाच महिन्यांत थोडी खडबडीत झालीय, जाडी जवळजवळ तशीच. जुन्या गिझरची ती तार मी शेजारी धरून पाहिली.

एक मात्र नवीनच उपटलंय. खोलल्यावर आतल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत होता. हिवाळ्यात रोज वापर असताना नव्हता. शेजारचे म्हणतात, कांडीच काढून टाका, वास जाईल.

अकोटचा मिस्त्री | ४ जून, सकाळी ७:१०

वास कांडीनंच येते हे खरं हाय, मी पाह्यलं. पण काढू नका, टाकी जाईन. पाणी पूर्ण सोडून द्या अन् नवीन भरा.

क्षारमापी | ४ जून, दुपारी १२:००

कांडी काढू नका, हे माझंही मत. पाणी महिनोन्‌महिने साठून राहिलं की सल्फेटवर जगणारे जंतू त्यात वाढतात आणि कांडीमुळे त्यांना जोर मिळतो. गोड पाण्यातही थोडं सल्फेट असतंच. टाकी रिकामी करून योजनेच्या ताज्या पाण्याने दोनदा धुवा, मग एकदा ६५ अंशांपर्यंत तापवून दोन-तीन तास तसंच ठेवा. रोज इतकं तापवलं तर चुना बसतो, पण हंगामात एकदा चालेल. त्या दिवशी गरम नळाला लेकरांचा हात जाऊ देऊ नका.

वर्धेकर | ४ जून, रात्री ९:०५

माझ्या सॉफ्टनरच्या पाण्यालाही गिझरमध्ये असाच वास येतो, आणि माझा तर रोज वापरात असतो. मग तिथे पाणी साठून राहिल्याचं कारण कसं लागू होईल? कांडी दोन वर्षांपासून पाहिलेली नाही. रविवारी खोलतो आणि फोटो टाकतो.